चाव्याचा रोजमेळ : पाळणाघरात दुसऱ्या मुलांना चावणाऱ्या बाळाविषयी

दुपारचा साडेबाराचा सुमार. दुकानात गिऱ्हाईक आहे, समोर साड्यांचा ढीग उलगडलेला आहे आणि गल्ल्याजवळचा फोन वाजतो. पाळणाघरातील ताई अवघडल्या आवाजात सांगतात, “आज पुन्हा चावला. या वेळी जरा जोरात. त्या मुलीच्या आईलाही कळवावे लागेल.” आईच्या हातातील घडी हातातच राहते. आपले मूल रडले, पडले, आजारी पडले, तर आईला काळजी वाटते. पण आपल्या मुलाने दुसऱ्याच्या लेकराला दुखावले, हे ऐकताना काळजीच्या आधी लाज वाटते. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली पाहून चालण्याची सवय ज्या घरात लहानपणापासून लावली जाते, त्या घरात ही लाज अधिक बोचते. “आमच्या घरात असे कोणी नाही हो,” हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकले आहे की, ते आता मला पाठ झाले आहे.

बाजारपेठेलगतच्या एका गावठाणात मी अनेक वर्षे पाळणाघर चालविले. सकाळी दुकाने उघडण्याच्या वेळी मुले येत आणि संध्याकाळी आजोबा किंवा काका त्यांना घेऊन जात. इतक्या वर्षांत दात असलेल्या मुलांचा एकही गट मला असा आठवत नाही की, ज्यात वर्षभरात एकही चावा झाला नाही. एक ते तीन या वयात चावणे हे पाळणाघराच्या जीवनातील नित्याचे प्रकरण आहे. सव्वा वर्षापासून अडीच वर्षांपर्यंत ते सर्वाधिक दिसते आणि भाषा सुटली की बहुतेक मुलांत आपोआप ओसरते. तेव्हा चावणारे बाळ दुष्ट नसते, संस्कारहीनही नसते. त्याला काहीतरी हवे असते किंवा नको असते, ते सांगण्याइतके शब्द त्याच्याजवळ नसतात आणि तोंड हे त्या वयातील त्याचे सर्वांत तत्पर हत्यार असते.

पण “वयच आहे, जाईल आपोआप” असे म्हणून हात झटकणे हेही बरोबर नाही. कारण दुसऱ्या बाजूला एक दुखावलेले बाळ आणि त्याची आई आहे. मग करावे काय? माझ्या अनुभवाचे सार मी एका वाक्यात सांगते : मूल का चावते हे त्याच्या स्वभावात शोधू नये, चाव्यापूर्वीच्या अर्ध्या मिनिटात शोधावे. ते अर्धे मिनिट सापडले की उपाय बहुधा तिथेच पडलेला असतो. हे कसे शोधतात, ते एका मुलाच्या हकिगतीवरून पाहू. ओळख लपविण्यासाठी त्याला आपण छोटू म्हणू.

पहिली दोन मिनिटे

हकिगतीपूर्वी एक गोष्ट निकालात काढली पाहिजे, ती म्हणजे चावा झाल्या क्षणी काय करावे. चावा सुटला नसेल तर चावणाऱ्या मुलाला मागे ओढू नये. दात रोवलेले असताना ओढले तर कातडी फाटते. दोघांजवळ बसून शांतपणे जबडा सैल होऊ द्यावा आणि मगच दोघांना वेगळे करावे. त्यानंतर प्रथम ज्याला चावा बसला त्या बाळाकडे जावे. यात माणुसकी आहेच, शिवाय एक शहाणपणही आहे. आपण आधी चावणाऱ्याकडे धावलो, ओरडलो, त्याला उचलून नेले, तर सगळ्या खोलीचे लक्ष त्यालाच मिळते. लक्ष वेधण्यासाठी चावणाऱ्या मुलाला याहून मोठे बक्षीस कोणते?

दुखावलेल्या बाळाची जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवावी. कातडी फुटलेली नसेल तर थंड पाण्याची घडी काही मिनिटे ठेवणे पुरते. हळद, चुना, टूथपेस्ट असे काही लावू नये. कातडी फुटून रक्त आले असेल तर धुतल्यावर स्वच्छ पट्टी बांधून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कारण माणसाच्या तोंडात जंतू पुष्कळ असतात आणि खोल चावा चिघळू शकतो. अशा वेळी दोन्ही मुलांची लसीकरणाची पुस्तिका पाहावी लागते. धनुर्वात आणि कावीळ ‘ब’ या दोन्हींच्या लसी आपल्याकडील नेहमीच्या लसीकरणात असतात, पण त्या वेळेवर झाल्या आहेत ना, एवढे डॉक्टर विचारतातच. पुढील दोन-तीन दिवस लाली वाढणे, सूज, पू किंवा ताप यांवर नजर ठेवावी.

मग चावणाऱ्याकडे वळावे. त्याच्या उंचीला येऊन, डोळ्यांत पाहून, आवाज न चढवता एवढेच म्हणावे : “चावायचं नाही. चावलं की दुखतं.” बस्स. दोन वर्षांच्या मुलाला याहून लांब वाक्य लागत नाही आणि समजतही नाही. हसून म्हणू नये, कारण मग तो खेळ होतो. किंचाळून म्हणू नये, कारण मग तो तमाशा होतो. त्याला दूरच्या खोलीत कोंडू नये. जवळच, पण गर्दीपासून थोडे बाजूला, एखाद्या मोठ्या माणसाशेजारी बसवावे आणि एक-दोन मिनिटांत दुसऱ्या कामात गुंतवावे.

उलट चावून दाखविण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, म्हणजे “त्यालाही कळू दे कसे दुखते.” हा सल्ला मुळातच चुकीचा आहे. दुसऱ्याची वेदना स्वतःच्या वेदनेवरून ताडण्याची बुद्धी त्या वयात आलेली नसते. त्याला एवढेच कळते की, मोठी माणसेही रागावली की चावतात. तोंडावर चापट मारणे किंवा मिरची लावण्याची धमकी देणे हेही त्याच जातीचे. आणि दुपारी बारा वाजता झालेल्या चाव्याबद्दल संध्याकाळी सात वाजता घरी रागावणे हे तर निव्वळ वाया जाते. त्या मधल्या काळात बाळ जेवले, झोपले, खेळले. त्याच्या लेखी तो चावा कधीच संपला. त्याला दिसते ते इतकेच की, आई भेटली आणि रागावली.

वही उघडली

छोटू एक वर्ष दहा महिन्यांचा होता. घरची बोली गुजराती, कापडाचे दुकान, एकत्र कुटुंब. आई दुकानाचे हिशेब पाहू लागल्यामुळे तो पाळणाघरात येऊ लागला. त्याच्या गटात दहा मुले आणि दोन ताई होत्या. दुसऱ्या महिन्यापासून चावे सुरू झाले. पहिल्या दोन चाव्यांना आम्ही फारसे महत्त्व दिले नाही. तिसऱ्यानंतर ताई म्हणाल्या, “हा उगाचच चावतो. काही कारण नसताना.” मी तेव्हा त्यांना जे सांगितले, ते आजही सांगते. “उगाच चावला” याचा खरा अर्थ एवढाच असतो की, चाव्यापूर्वी काय झाले ते कोणी पाहिले नव्हते. किंकाळी ऐकू आल्यावर आपण मान वळवितो. तोवर कारण घडून गेलेले असते.

म्हणून वही उघडली. पाच रकाने : वेळ, जागा, कोणाला, आधीच्या अर्ध्या मिनिटात काय चालले होते आणि नंतर मोठ्यांनी काय केले. चावण्याचा प्रयत्न झाला पण मधेच अडविला, तर तोही लिहायचा. एक अट मात्र कडक होती : जे दिसले तेच लिहायचे, मत लिहायचे नाही. “चिडून चावला” हे मत झाले. “मागून कोणीतरी त्याच्या अंगाला लागले, तो वळला आणि दंडाला चावला” ही नोंद झाली. व्यापारी घरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. रोजमेळात दिवसाचा व्यवहार जसा झाला तसा उतरवितात. नफा-तोट्याचा विचार मागाहून, खतावणी झाल्यावर.

दहा दिवसांत सात नोंदी झाल्या. मग आम्ही त्यांची खातेवार मांडणी केली आणि इतके दिवस न दिसलेले चित्र समोर आले. सातपैकी पाच चावे सकाळी ११ वाजून ४० मिनिटे ते १२ वाजून २० मिनिटे या वेळेत झाले होते आणि पाचही एकाच जागी, म्हणजे जेवणापूर्वी हात धुण्यासाठी मुले ज्या अरुंद बोळात रांग लावीत तिथे. चावा बसलेली मुले मात्र चार निरनिराळी होती. याचा अर्थ त्याचे कोणाशी वैर नव्हते. जो जवळ आला त्याला तो चावत होता. उरलेले दोन चावे संध्याकाळी पाचच्या सुमाराचे होते आणि दोन्ही वेळा एकाच खेळण्यावरून, लाल डंपरवरून.

पहिले खाते : भूक आणि रांग

आई आणि आजीला मी बोलाविले. तक्रार ऐकण्याच्या तयारीने त्या आल्या होत्या, आणि समोर वही पाहून थोड्या सैलावल्या. मी एकच प्रश्न विचारला : सुटीच्या दिवशी छोटू घरी कधी जेवतो? आजी म्हणाल्या, “अकराला. त्याचे दादाजी अकराला जेवून दुकानात जातात, तो त्यांच्याच ताटाशी बसतो.” सकाळी सातला दूध आणि थोडा खाकरा, नंतर अकराला जेवण, असे त्याचे पोट वर्षभर ठरलेले होते. पाळणाघरात जेवण साडेबाराला. म्हणजे त्याच्या शरीराच्या घड्याळाप्रमाणे दीड तास उशिरा. त्यातही शेवटची वीस मिनिटे एका चिंचोळ्या जागेत नऊ मुलांच्या धक्क्यांत उभे राहून, समोर डब्यांचा वास येत असताना. मोठ्या माणसाचाही तोल ज्या परिस्थितीत जाईल, तिथे पावणेदोन-दोन वर्षांच्या मुलाकडून आम्ही संयमाची अपेक्षा करीत होतो.

यावरचे उपाय साधे होते. सव्वाअकराला त्याला अर्धे केळे किंवा तूप लावलेल्या पोळीची छोटी गुंडाळी मिळू लागली; पुढे सगळ्याच मुलांना त्या वेळी थोडा खाऊ देण्यास आम्ही सुरुवात केली, कारण वेगळे काढून खायला दिले असते तर नवीन भांडण उभे राहिले असते. रांग बंद केली. तीन-तीन मुलांना हात धुवायला नेऊ लागलो आणि छोटूला पहिल्या तिघांत ठेवले. बाकीची मुले तोवर चटईवर बसून गाणे म्हणत.

शिवाय साडेअकरा ते साडेबारा या एका तासात एक ताई त्याच्यापासून हातभर अंतराच्या बाहेर जाणार नाही, असे ठरविले. यात मुलाच्या मागे पहारेकऱ्यासारखे उभे राहणे अभिप्रेत नाही. त्याच्या बाजूला बसून त्याच्याशीच खेळायचे आणि लक्षणे पाहायची. चावण्याच्या आधी बहुतेक मुलांचे शरीर बोलते. खांदे वर होतात, जबडा आवळला जातो, नजर एकाच जागी थिजते, किंवा तोंड उघडे ठेवून मूल दुसऱ्याच्या दंडाकडे झुकते. हे दिसले की आपला पसरलेला तळहात मधे घालायचा आणि त्याच क्षणी त्याच्या मनातले शब्द त्याच्यासाठी म्हणायचे : “तुला जागा हवी आहे? सरक म्हण.” मूल चावल्यानंतर दिलेल्या दहा उपदेशांपेक्षा अडविलेल्या एका चाव्यापाशी दिलेला एक शब्द अधिक शिकवून जातो. ‘जयणा’ या शब्दाचा सावधपणे वागणे असा जो अर्थ आपण घरात सांगतो, तो येथे मुलाने नव्हे, तर मोठ्यांनी आचरायचा असतो.

दुसरे खाते : एक शब्द, दोन अर्थ

लाल डंपरच्या नोंदी आम्हाला अधिक काळ कोड्यात टाकीत होत्या. दोन्ही नोंदींत ताईंनी प्रामाणिकपणे लिहिले होते : “डंपर हातात होता. दुसरा मुलगा जवळ आला. छोटू ‘मारू, मारू’ असे ओरडला. मी डंपर काढून बाजूला ठेवला. तो दुसऱ्या मुलाला चावला.” आईने ही ओळ वाचली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, “ताई, तो मारू म्हणत नाही. तो ‘मारुं’ म्हणतो. आ मारुं. म्हणजे हे माझे आहे.”

मराठी कानाला ती मारण्याची धमकी वाटत होती. मुलगा आपल्या भाषेत, अगदी योग्य रीतीने, “हे माझे आहे” असे सांगत होता. चावण्याऐवजी शब्द वापरावेत अशी ज्याच्याकडून आपली अपेक्षा, त्याने शब्द वापरला होता, आणि त्याबद्दल त्याचे खेळणे काढून घेतले गेले होते. शब्दाने काम होत नाही, हा धडा आम्हीच त्याला दिला होता. मग तो दातांकडे वळला, यात नवल ते काय?

ज्या घरांत गुजराती, मारवाडी किंवा कच्छी बोलतात आणि मुले मराठी पाळणाघरात जातात, तेथे ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. त्याचे शब्द मोजायचे झाले तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावे लागतात. पण त्याचे मोजके शब्द ज्यांच्या हाती ते दिवसभर असते, त्यांना समजले पाहिजेत. आम्ही आईकडून पंधरा शब्दांची यादी लिहून घेतली : पाणी, भूक, दे, नको, माझे, बस, उचल, शी-शू, झोप, आई कुठे, असे. ती मराठी अर्थासह भिंतीवर लावली. छोटूला त्याच वेळी “माझं” आणि “नको” हे दोन शब्द हातवाऱ्यांसह शिकविले. “माझं” म्हणताना छातीवर हात, “नको” म्हणताना तळहात पुढे. शब्द अडखळला तरी हात अडखळत नाही, म्हणून. आणि तो “नको” म्हणाला की मोठ्यांनी ते त्या क्षणी खरे करून दाखवायचे, म्हणजे जवळ आलेल्या मुलाला हळूच बाजूला घ्यायचे, असा नियम केला. डंपरही एकाचे दोन झाले. या वयात वस्तू वाटून खेळण्याची अपेक्षा करण्यापेक्षा लाडक्या खेळण्याच्या दोन प्रती ठेवणे अधिक व्यवहार्य असते.

घरातील खाते

वहीत न आलेली एक गोष्ट आजींनी बोलता बोलता सांगितली. छोटूचे काका रात्री दुकानातून आले की त्याला उचलून “खाऊन टाकू का तुला?” म्हणत त्याच्या दंडाला, गालाला लटकेच चावत आणि तो खदखदून हसे. मग तोही काकांना चावे आणि सगळे घर हसे. यात काकांचा दोष नव्हता. अशी माया कोणत्या घरात होत नाही? पण त्या वयाच्या मुलाला लटके चावणे आणि खरे चावणे यांतील सीमारेषा दिसत नाही. रात्री ज्या कृतीला टाळ्या मिळतात, तिलाच दुपारी रागावणे का मिळते, हे त्याला कसे उमगावे?

एकत्र कुटुंबात आणखी एक अडचण असते. मूल चावले की आजी हसते, आई रागावते, काका चापट मारतात आणि आजोबा खाऊ देऊन समजूत घालतात. चार माणसांचे चार न्याय. मुलाला यातून नियम सापडत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा करून पाहते. छोटूच्या घरी आम्ही दोनच गोष्टी ठरविल्या. एक, लटके चावणे पूर्ण बंद. त्याऐवजी पाठीवर घेऊन फिरविणे. दोन, कोणालाही चावला तर घरातील प्रत्येकाने तेच वाक्य, त्याच स्वरात म्हणायचे, जे पाळणाघरात म्हटले जाते.

दातांचा भागही थोडा होता. दुधाच्या वीस दातांपैकी शेवटच्या मोठ्या दाढा साधारण दोन ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान येतात आणि त्या येताना हिरड्यांना जोरात काहीतरी चावावेसे वाटते. त्यासाठी स्वच्छ ओला रुमाल थंड करून किंवा चावण्याची सिलिकॉनची रिंग मुलाला द्यावी. गळ्यात दोरी घालून काहीही अडकवू नये, त्याने गळफास लागण्याचा धोका असतो. दात येण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मण्यांच्या माळा याच कारणाने टाळाव्यात. हिरड्या बधिर करणारी मलमे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत. दोन वर्षांखालील मुलांना त्यांतील काही औषधे घातक ठरू शकतात.

पुढे काय झाले

उपाय सुरू केल्यानंतर पहिल्या आठवड्यात तीन चावे झाले, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात एकही नाही. हात धुण्याच्या वेळेचे चावे जवळजवळ लगेच थांबले. खेळण्याचे थांबायला अधिक वेळ लागला, कारण तिथे शब्द रुजावा लागत होता. पाचव्या आठवड्यात, गावी लग्नासाठी चार दिवस जाऊन आल्यावर, तो पुन्हा एकदा चावला. आईला वाटले, सगळे मुळावर आले. तसे नव्हते. जागरण, प्रवास, दुखणे, घरात नवे बाळ येणे, पाळणाघरातील ताई बदलणे, अशा वेळी जुनी सवय डोके वर काढते. वही पुन्हा उघडायची, हातभर अंतराचा तास पुन्हा सुरू करायचा; दुसऱ्या वेळी थोडक्यात आटोपते. छोटूचेही तसेच झाले. सव्वादोन वर्षांचा होईपर्यंत तो दोन-दोन शब्दांची वाक्ये बोलू लागला आणि वहीचा तो भाग कोरा राहू लागला.

ही रीत सगळीकडे लागू पडते असे मात्र नाही. काही वेळा वहीत मेळच लागत नाही, कारण चावे विखुरलेले असतात. दोन-तीन आठवडे प्रामाणिकपणे नोंदी करून आणि बदल करूनही चावे वाढतच असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. तीन-साडेतीन वर्षांनंतरही चावणे चालू असेल, मूल स्वतःलाच चावत असेल, दोन वर्षे पूर्ण झाली तरी दोन शब्द जोडत नसेल, किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर वाट पाहू नये. अशा मुलांच्या कानांची तपासणी करणे फार महत्त्वाचे असते. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येणे आणि त्यामुळे बोलणे मागे पडणे, हे लहान वयात घडते आणि त्यावर उपाय असतो. माती, खडू, भिंतीचा पोपडा असे काहीही खाणाऱ्या मुलाच्या रक्तातील लोहही डॉक्टर पाहतील.

पाळणाघर बदलण्याचा विचार पहिल्याच फोननंतर अनेक पालकांच्या मनात येतो. घाई करू नये. अनोळखी जागेत, अनोळखी माणसांत मूल अधिक गोंधळते आणि चावा त्याच्याबरोबरच तिकडे जातो. पण जिथे नोंद ठेवायला नकार मिळतो, मुलाला कोंडले किंवा बांधले जाते, अथवा सर्वांसमोर ‘चावरा’ म्हणून हाक मारली जाते, तिथून मात्र मूल काढून घ्यावे. मूल आपले नाव पटकन शिकते, ‘चावरा’ हेही.

दुसरी आई

शेवटी दुसऱ्या बाजूच्या आईविषयी. आपल्या बाळाच्या दंडावर दातांची निळी कमान पाहताना तिला काय वाटत असेल, हे सांगायला नको. “कोण चावले?” हा तिचा पहिला प्रश्न असतो आणि चांगले पाळणाघर त्याचे उत्तर देत नाही. हे लपविणे नव्हे. एकदा नाव फुटले की वाढदिवसांची आमंत्रणे थांबतात, जिन्यात भेटल्यावर बोलणे थांबते आणि पुढच्या वर्षी तिचेच धाकटे मूल चावू लागते तेव्हा तीच अडचण तिच्यापुढे उभी राहते. तिला नाव मिळाले नाही तरी चालेल, पण तीन गोष्टी मिळाल्याच पाहिजेत : काय झाले आणि किती लागले याचा खरा वृत्तांत, त्या वेळी काय उपचार केला ते, आणि पुन्हा होऊ नये म्हणून नेमके काय बदलले आहे ते.

छोट्या गावात नाव फार दिवस लपत नाही. छोटूच्या आईलाही कळले की, ज्या मुलीला दोनदा चावा बसला ती मागच्याच गल्लीतील दुकानदाराची नात आहे. आजींची इच्छा होती की, छोटूने त्या मुलीसमोर हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम’ म्हणावे. मी म्हटले, म्हणेल तो, पोपटासारखे. पण ज्याला आपण केले काय हेच अजून कळत नाही, त्याच्याकडून क्षमा वदवून घेतली तर तो शब्दच पोकळ होईल. त्याऐवजी पाळणाघरात तिच्या हाताला थंड रुमाल लावताना त्याने रुमाल धरावा, एवढे त्याच्या वयाला झेपेल.

तो शब्द त्याच्या आईनेच उच्चारला. एका संध्याकाळी दुकान वाढवून ती मागच्या गल्लीत गेली आणि त्या मुलीच्या आईला म्हणाली, “माझ्या मुलाकडून तुमच्या लेकीला दुखले. मिच्छामि दुक्कडम.” मग तिने सव्वाअकराचा खाऊ, हात धुण्याची रांग, लाल डंपर आणि ‘मारुं’ या शब्दाची सगळी हकिगत सांगितली. दुसरी आई मराठी होती. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “म्हणून का आमची हल्ली घरी काही काढून घेतले की ‘मारुं, मारुं’ म्हणते! आम्ही तिला रागावत होतो.”